स्पेशिअल ऑडिओ आणि हेड ट्रॅकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर हे प्रश्न रोज येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सातारा, वाई, कोरेगाव, कराडकडच्या लोकांनी विचारलेले प्रश्न आहेत, शब्द थोडे नीट केलेत. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ एकच असतं: हेड ट्रॅकिंगसाठी 'समोर' म्हणजे कुठे, हे ठरवतं कोण? त्यामुळे प्रश्न ६ सगळ्यात लांब झाला आहे. घाई असेल तर प्रश्न २ वाचून थेट तिकडे जा.

१. दादा, स्पेशिअल ऑडिओ म्हणजे नेमकं काय? साध्या स्टिरिओत काय कमी होतं?

कमी काही नव्हतं. बड्समध्ये साधा स्टिरिओ लावला की डावा चॅनेल फक्त डाव्या कानात जातो आणि उजवा फक्त उजव्या. त्यामुळे गाणारी बाई आपल्या कपाळाच्या आत बसून गातेय असं वाटतं. एरवी असं कधी होत नाही. उजवीकडून कुणी हाक मारली तर ती दोन्ही कानांना ऐकू येते, पण डाव्या कानाला जरा उशिरा, जरा हळू आणि डोक्याला वळसा घालून आल्यामुळे जरा बोथट. हा उशीर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून डावं-उजवं ओळखतो. आवाज वरून आला की खालून, पुढून आला की मागून, हे कळायला कानाच्या बाहेरच्या घड्या उपयोगी पडतात, कारण आवाज त्यांवर आपटून थोडा बदलतो.

स्पेशिअल ऑडिओचं सॉफ्टवेअर हेच फरक हिशेब करून आवाजात मिसळतं. स्पीकर तेच दोन, पण मेंदूला वाटतं की आवाज डोक्याच्या बाहेरून, ठरावीक दिशेने येतोय.

२. मग हेड ट्रॅकिंग वेगळं कशाला? दोन्ही एकच ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ही गल्लत फार होते. देवळासमोर उभं राहून मान डावीकडे वळवली तर घंटेचा आवाज उजव्या कानात जास्त येतो, कारण घंटा जागच्या जागी आहे आणि फिरलो आपण. बड्समध्ये मात्र आवाज कानालाच चिकटलेला असतो, मान वळवली की सगळा सिनेमा मानेबरोबर वळतो. हेड ट्रॅकिंग हे चिकटणं सोडवतं. बड्समधला जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर मान किती वळली ते मोजतो आणि आवाज तेवढाच उलट्या दिशेने सरकवला जातो, म्हणजे पात्र बोलतंय ते पडद्यावरूनच बोलल्यासारखं वाटतं.

स्पेशिअल ऑडिओ ट्रॅकिंगशिवायही चालतं. आयफोनवर म्हणून तीन पर्याय दिसतात: `Off`, `Fixed` आणि `Head Tracked`. `Fixed` म्हणजे आवाज डोक्याबाहेर, पण मानेबरोबर फिरणारा. बोसच्या क्यूसी अल्ट्रा बड्सवर नावं `Still` आणि `Motion` अशी आहेत, आणि इथे लोक हमखास फसतात. आवाज जागेवर रोवून ठेवणारा पर्याय `Still` आहे. `Motion` मध्ये आवाज तुमच्याबरोबर चालतो.

३. बॉक्सवर ३६० डिग्री स्पेशिअल लिहिलेले दीड हजाराचे बड्स घेतलेत. खरं आहे का?

एका मिनिटात तपासता येतं. फोन टेबलावर ठेवा आणि एकच माणूस बोलतोय असा व्हिडिओ लावा. डोळे मिटून मान हळूहळू डावीकडे वळवा. आवाज टेबलाच्या दिशेलाच राहिला, म्हणजे उजव्या कानात वाढला, तर ट्रॅकिंग आहे. तो नाकासमोरच राहिला तर ट्रॅकिंग नाही, किंवा सेटिंगमध्ये बंद आहे.

स्वस्तातल्या बऱ्याच बड्समध्ये हा शिक्का म्हणजे स्टिरिओ थोडा रुंद करून त्यात खोलीचा घुमारा घातलेला असतो. ऐकायला कुणाला आवडेलही, पण त्या शिक्क्यासाठी दोनशे रुपये जास्त देऊ नका.

चांगल्या बड्सलाही जोडीचा फोन लागतो, कारण बहुतेकांत हा सगळा हिशेब फोन करतो. सॅमसंगच्या गॅलक्सी बड्सचं `360 Audio` सॅमसंगच्या फोनवर चालतं. एअरपॉड्स अँड्रॉइडला जोडले तर गाणी वाजतील, ॲपलचं हेड ट्रॅकिंग मिळणार नाही. बोसमध्ये हिशेब बड्सच्या आत होतो, त्यामुळे कुठल्याही फोनवर चालतं. त्याचा तोटा प्रश्न ६ मध्ये येईल.

४. कशाला चालू ठेवू आणि कशाला बंद?

डॉल्बी ॲटमॉस किंवा ५.१, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरसाठी बनवलेला आवाज असलेला सिनेमा किंवा सिरीज, फोन किंवा टॅब स्टँडवर, आपण समोर बसलेले: यासाठी ही सोय जन्माला आली. ॲपलने ती २०२० मध्ये पहिल्यांदा आणली तीही सिनेमासाठीच. ॲटमॉसमधली गाणी ॲपल म्युझिकवर २०२१ पासून आहेत. त्यांना `Fixed` पुरतं. गाणं ऐकताना मान वळवली म्हणून गायक खिडकीत जाऊन बसावा, असं मला तरी कधी वाटलं नाही.

साध्या स्टिरिओ गाण्याला लावलं तर सॉफ्टवेअर अंदाजाने ते पसरवतं. कधी बरं वाटतं, कधी आवाज मागे जातो आणि ढोलकीचा ठोका मऊ पडतो. जुनी नाट्यगीतं, भावगीतं यांची मूळ रेकॉर्डिंग बहुतेक मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची आहेत, तिथे पसरवायला काहीच नसतं. मिळतो तो फक्त घुमारा, तो बंदच करा. कीर्तन, भाषण, पॉडकास्ट, स्पर्धा परीक्षेची लेक्चर्स, यांनाही बंद. खोलीचा घुमारा मिसळला की जोडाक्षरं पुसट होतात आणि आपण नकळत आवाज वाढवत जातो.

५. बटण सापडत नाही. कुठे असतं?

आयफोनवर बड्स कानात असताना आणि काहीतरी वाजत असताना कंट्रोल सेंटर खाली ओढा आणि आवाजाची पट्टी दाबून धरा. खाली स्पेशिअल ऑडिओचं चिन्ह येतं. स्टिरिओ वाजत असेल तर तिथेच `Spatialize Stereo` दिसतं. ही निवड त्या त्या ॲपपुरती लक्षात राहते, म्हणून सिनेमाच्या ॲपमध्ये चालू आणि गाण्याच्या ॲपमध्ये बंद असं ठेवता येतं. सॅमसंगवर `Galaxy Wearable` ॲपमध्ये `360 Audio` शोधा. पिक्सेलवर ब्लूटूथमध्ये बड्सच्या नावासमोरच्या चक्रात दोन वेगळी बटणं असतात, `Spatial audio` आणि `Head tracking`. बाकी कंपन्यांचं त्यांच्या त्यांच्या ॲपमध्ये.

६. वाईहून महाबळेश्वरला जाताना एसटीत सिनेमा बघत होते. पसरणी घाट लागला की आवाज डावीकडे-उजवीकडे पळायचा. शेजारी भावाचेही हेड ट्रॅकिंगचेच बड्स होते, त्याला काही झालं नाही. माझे खराब आहेत का?

खराब नाहीत, ताई. तुमच्या आणि भावाच्या बड्सची 'समोर'ची व्याख्या वेगळी आहे.

जायरोस्कोपला एवढंच कळतं की आपण वळलो. मान वळली की बस वळली, हे त्याला कळत नाही. पसरणी घाटातलं डावीकडचं एक पूर्ण वळण घ्या. वळण संपेपर्यंत बसचं तोंड जवळजवळ उलट दिशेला होतं, आणि बसबरोबर तुमचं डोकंही १८० अंशांत फिरतं. तुम्ही मात्र सीटवर सरळ बसून समोरच बघताय.

तुमचे बड्स, बोससारखेच, फोनशी तुलना न करता एकटेच मोजतात. मग त्यांनी काय समजून घेतलं? बाईंनी मान डावीकडे वळवली. मग आवाज जागेवर ठेवायचा तर तो उजवीकडे सरकवायला हवा. वळणाच्या मध्यावर संवाद पूर्ण उजव्या कानात, वळण संपताना पाठीमागे. पुढे काही सेकंद तोंड एकाच दिशेला राहिलं की सॉफ्टवेअर हीच नवी समोरची दिशा धरतं आणि आवाज हळूहळू पुढे आणतं. सरळ रस्त्यावर ही दुरुस्ती जाणवतही नाही. घाटात ती पुरी व्हायच्या आत पुढचं वळण येतं, तेही उलट बाजूचं. म्हणून आवाज पळापळ करतो.

भावाचा फोन आयफोन आणि बड्स एअरपॉड्स आहेत, असं तुम्ही कळवलंत. तिथे दोन मोजमापं होतात, एक बड्सचं आणि एक फोनचं, आणि सॉफ्टवेअर त्यांतला फरक घेतं. बस १८० अंश वळली तर डोकंही १८० वळलं आणि हातातला फोनही १८० वळला. फरक शून्य, आवाज पडद्यावरच. भावाने खिडकीकडे ४० अंश मान वळवली तर डोकं वळलं, फोन नाही. फरक ४०, तेवढाच आवाज सरकतो. हे बरोबर आहे.

पण या पद्धतीचीही एक खोड आहे. 'समोर' म्हणजे फोन, म्हणून फोन हलला की आवाज हलतो. भावाने फोन मांडीवर तिरका केला किंवा तिकीट काढताना तुमच्या हातात दिला की त्याचा सिनेमा तिकडून बोलू लागेल. फोन पिशवीत टाकून गाणी ऐकत असेल तर बस वळल्याने बिघडणार नाही, पण पिशवी सीटवर लोळली की बिघडेल.

तेव्हा घाटात तुमचे बड्स `Fixed` सारख्या पर्यायावर ठेवा, म्हणजे स्पेशिअल ऑडिओ चालू आणि ट्रॅकिंग बंद. बोस असेल तर `Motion`. डोक्याबाहेरचा आवाज राहतो, पळापळ थांबते. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी तर ट्रॅकिंग आधीच बंद करावं. डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरं सांगतो, त्यात आवाजाने तिसरं सांगायला नको. पुण्याहून येताना खंबाटकीतही हेच होतं. रेल्वेत वळणं इतकी मोठी आणि संथ असतात की दुरुस्ती सहज पुरी पडते, म्हणून कोयना एक्स्प्रेसमधून अशी तक्रार कुणी पाठवत नाही.

७. माझे बड्स फोनशी तुलना करतात की एकटेच मोजतात, हे घरी कसं कळेल?

फिरणारी खुर्ची लागेल. ट्रॅकिंग चालू करा, व्हिडिओ लावा, फोन छातीसमोर दोन्ही हातांत घट्ट धरा. मान न हलवता पायाने रेटून खुर्ची सावकाश पाव फेरी फिरवा. आवाज फोनमध्येच राहिला तर तुलना होते आहे. आवाज खोलीतल्या जुन्या दिशेला मागे राहिला तर बड्स एकटेच मोजतात.

खात्रीसाठी उलटं करा. डोकं स्थिर ठेवा आणि फोन बाजूला न्या, पडदा तुमच्याकडे न वळवता फिरवा. आवाज सरकला तर फोन हाच 'समोर' आहे. सावकाश म्हणालो ते मनावर घ्या, पण दहा-पंधरा सेकंद लावू नका, तोवर दुरुस्ती होऊन जाते आणि उत्तर चुकीचं येतं.

८. मी टेबलाशी स्थिर बसलोय, तरी आवाज हळूहळू एका बाजूला जातो. का?

आधी फोन तिरका पडला आहे का बघा, कारण प्रश्न ६ मध्ये दिलंय. तसं नसेल तर जायरोस्कोपची बारीक चूक साचत जाते. तो वळण्याचा वेग मोजतो आणि त्यावरून कोन काढतो. वेगात किंचित चूक असली तरी ती सेकंदासेकंदाला कोनात जमा होते. सॉफ्टवेअर मधून मधून पुन्हा मध्य धरतं, पण तुम्ही सतत इकडेतिकडे बघत असाल तर त्याला निवांत क्षण मिळत नाही. दोन्ही बड्स डबीत ठेवून पुन्हा काढा, सरळ बसा, मग लावा. तरीही नेहमी एकाच बाजूला जात असेल तर ट्रॅकिंग बंद करून ऐका. बंद असतानाही एक बाजू हळू येत असेल तर दोष ट्रॅकिंगचा नाही, त्या बडची जाळी मळाने भरली आहे. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, सुई घालू नका.

९. रात्री झोपून ऐकताना आवाज भिंतीतून येतो.

पाठीवर झोपून फोन तोंडासमोर धरला तर अडचण नाही, फोन आणि तोंड अजून समोरासमोर आहेत. फोन उशाशी ठेवून कुशीवर वळलात की डोकं ९० अंश फिरतं आणि फोन तिथेच राहतो. मग आवाज भिंतीतून किंवा छतातून. झोपताना `Off` ठेवा. एक बड काढून ठेवलात तर प्रश्नच मिटतो, एका कानाला दिशेचा आभास देता येत नाही.

१०. चालताना चालेल का?

`Fixed` चालेल. ट्रॅकिंगवर खिशातला फोन मांडीबरोबर झुलतो आणि राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत आपण चार वेळा वळतो, त्यात मजा काही नाही. गाडीवर असताना बड्स कानात नकोतच, कुठल्याही सेटिंगवर.

११. समोरचा आवाज मला मागून किंवा डोक्यावरून आल्यासारखा वाटतो. मलाच असं होतं का?

नाही, बऱ्याच जणांना होतं. पुढचं-मागचं ओळखायला कानाच्या घड्या लागतात आणि प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या. सॉफ्टवेअर एका सरासरी कानाचा हिशेब वापरतं. तुमचा कान त्यापासून दूर असेल तर पुढचा आवाज मागे पडतो. आयओएस १६ पासून आयफोनचा पुढचा ट्रूडेप्थ कॅमेरा कानाचं मोजमाप घेऊन हिशेब जुळवतो. ते करताना केस मागे घ्या आणि उजेडात बसा. ज्यांना आधी त्रास होता त्यांना फरक पडतो, ज्यांना नव्हता त्यांना बहुधा कळतही नाही.

यावर हेड ट्रॅकिंगही औषध आहे. मान जराशी हलवली की आवाज कुठे सरकतो यावरून मेंदू पुढचं-मागचं लगेच ठरवतो. म्हणून स्थिर बसून सिनेमा बघताना मी ते चालू ठेवायला सांगतो.

१२. गेममध्ये पावलांचा आवाज कुठून येतो ते उलट कमी कळायला लागलं.

दोनदा प्रक्रिया होते आहे. बऱ्याच गेममध्ये हेडफोनसाठी स्वतःचा त्रिमितीय आवाज असतो. दिशा त्यात आधीच घातलेली असते. त्यावर फोनने पुन्हा स्पेशिअल लावलं की दिशेवर दिशा चढते आणि पावलं सगळीकडून घुमतात. गेममधलं ठेवा, बड्सचं बंद करा. ट्रॅकिंग तर नकोच. गेममध्ये दिशा बोटाने वळते, मानेने नाही. ब्लूटूथचा उशीर हा वेगळा आजार आहे, त्यासाठी बड्सचा गेम मोड वापरा.

१३. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. बड्सवर मिक्स मस्त वाटतं, टीव्हीवर लावलं की सनई कानाला टोचते आणि मंगलाष्टका दबतात.

लॅपटॉपवर किंवा फोनवर स्पेशिअल चालू राहिलं असणार. तुम्ही ऐकलंत त्यात सॉफ्टवेअरचा घुमारा आणि बदललेला वरचा स्वर होता. ते फाइलमध्ये जात नाही, फक्त तुमच्या कानात जातं. तुम्ही मऊ वाटणारी सनई वर केलीत, आणि टीव्हीवर ती उघडी पडली. एडिटिंगच्या वेळी `Off`, आणि शेवटचं ऐकणं वायरच्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर. तबल्याच्या रियाजालाही हेच, शिवाय ब्लूटूथमुळे ठेका मागून येतो, त्यामुळे तिथे वायरच बरी.

१४. कॉल आला की स्पेशिअल बंद पडतं. बिघाड आहे का?

बिघाड नाही. साध्या कॉलला बड्सचा माइक चालू होतो आणि ब्लूटूथ आवाजाची वेगळी, साधी वाट धरतं. कॉल संपला की पहिली वाट परत येते. आली नाही तर व्हिडिओ थांबवून पुन्हा चालू करा.

१५. बॅटरी किती खातं?

बड्सवर अवलंबून आहे. एअरपॉड्स प्रो २ साठी ॲपल ६ तास सांगतं आणि स्पेशिअल ऑडिओ व ट्रॅकिंग चालू असताना ५.५, कारण मोठा हिशेब फोन करतो. बोसच्या क्यूसी अल्ट्रा बड्सला ६ चे ४ होतात, कारण तिथे हिशेब बड्सच्या आत आहे. पुण्याहून सांगलीपर्यंत जायचं असेल तर हा फरक प्रवासातच कळेल.

१६. वडिलांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांना नवे बड्स दिलेत, पण संवाद मधेच गायब होतात म्हणतात.

ट्रॅकिंग लगेच बंद करा. त्यांनी मान उजवीकडे वळवली की संवाद डावीकडे, म्हणजे ऐकू न येणाऱ्या कानाकडे जातो. त्यांच्या दृष्टीने वाक्य तिथेच तुटतं. मग स्पेशिअल ऑडिओही `Off` करा आणि मोनो चालू करा, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र होऊन उजव्या कानात सगळं येईल. आयफोनवर ते `Settings`, `Accessibility`, `Audio & Visual` मध्ये `Mono Audio` नावाने आहे. अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीच्या ऑडिओ भागात बघा. तिथेच डाव्या-उजव्याचं संतुलन आहे, ते मधोमध असू द्या. उजवा बड नीट बसतोय का ते पाहा, सैल असेल तर रबरी टोपीचा माप बदला, कारण आता सगळा भार त्या एका कानावर आहे.